तांब्याच्या दोनशे पट? हीट पाइपच्या एका आकड्याची तपासणी



लॅपटॉपच्या तळाचे झाकण उघडले की प्रोसेसरपासून पंख्याकडे जाणारी एक चपटी, तांबूस नळी दिसते. तिला हीट पाइप म्हणतात. ती विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत तिच्याविषयी एक विधान हमखास असते: या नळीची उष्णतावाहकता तांब्याच्या कित्येक पट आहे. कोणी पंचवीस पट लिहितो, कोणी दोनशे, कोणी त्याहून पुढे जातो. धातूंत उष्णता वाहण्यात चांदीखालोखाल तांब्याचा क्रम लागतो. मग तांब्याचीच बनलेली, आतून बरीचशी पोकळ अशी नळी भरीव तांब्याला दोनशे पटींनी मागे कशी टाकते, आणि हे ‘दोनशे’ नेमके कशाचे मोजमाप आहे, याची तपासणी आज करायची आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. आकडा खरा आहे, प्रयोगात तो मिळतो. पण तो त्या नळीचा गुणधर्म नाही. तो एका भागाकाराचा परिणाम आहे, आणि त्या भागाकारात नळीविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती गळून पडते.

हिशेबासाठी एकच उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. बाहेरून ६ मिलिमीटर व्यासाची, २०० मिलिमीटर लांबीची नळी. तिच्या एका टोकाच्या ३० मिलिमीटरवर उष्णता आत शिरते, दुसऱ्या टोकाच्या ५० मिलिमीटरवरून ती पंखांच्या पत्र्यांना दिली जाते. वाहून न्यायची उष्णता ३० वॅट. दोन्ही टोकांना उष्णता एकाच बिंदूतून न जाता पट्ट्यावर पसरलेली असल्याने एका पट्ट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायचे असते. ते येते १६० मिलिमीटर. आता नळीच्या जागी त्याच व्यासाचा भरीव तांब्याचा दांडा ठेवा. तांब्याची वाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे आणि दांड्याचा छेद जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. लांबीला वाहकता आणि छेद यांच्या गुणाकाराने भागले की दांड्याचा औष्णिक रोध मिळतो: दर वॅटला १४ अंशांहून थोडा जास्त. म्हणजे ३० वॅटसाठी दोन टोकांत सुमारे ४२४ अंशांचा फरक लागेल. पंख्याकडचे टोक ६० अंश सेल्सिअसवर असेल तर प्रोसेसरकडचे ४८० अंशांच्या पुढे जाईल. तांब्यासारखा वाहक इतका तोकडा पडतो याचे कारण त्याच्या वाहकतेत कमी आणि वहनाच्या पद्धतीत जास्त आहे. घन पदार्थातून उष्णता पुढे जायची तर प्रत्येक मिलिमीटरला तापमानाचा उतार लागतो. अंतर दुप्पट झाले की टोकांमधला फरकही दुप्पट, त्यातून सुटका नाही.

हीट पाइपने हा उतार टाळला आहे. तिची रचना साधी आहे. तांब्याच्या नळीची भिंत ०.३ मिलिमीटर जाडीची. तिला आतून लागून तांब्याच्या भुकटीचा ०.७ मिलिमीटर जाडीचा थर असतो. भट्टीत तापवून भुकटीचे कण एकमेकांना चिकटवलेले असतात, पण वितळवलेले नसतात, म्हणून थराची निम्मी जागा सच्छिद्र राहते. मधोमध ४ मिलिमीटर व्यासाची मोकळी वाट. नळीतली हवा पूर्णपणे काढून टाकतात, थराची छिद्रे भिजतील एवढे पाणी आत सोडतात, आमच्या नळीत सुमारे एक ग्रॅम, आणि टोक दाबून, डाख देऊन कायमचे बंद करतात. हवा काढण्याला फार महत्त्व आहे. आत फक्त पाणी आणि त्याची वाफ असल्याने पाणी कोणत्याही तापमानाला आपल्याच वाफेशी समतोल राखून असते. ६० अंशांवर नळीतला दाब वातावरणाच्या जेमतेम पाचवा हिस्सा असतो. पाण्याला उकळण्यासाठी १०० अंशांची वाट पाहावी लागत नाही. एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित गरम झाले की तिथे वाफ निघू लागते.

गरम टोकाशी पाण्याची वाफ होते आणि ती आपल्याबरोबर अप्रकट उष्मा घेऊन निघते. ६० अंशांवर एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,३६० जूल उष्णता पोटात घेते. म्हणून ३० वॅटसाठी सेकंदाला १३ मिलिग्रॅमपेक्षा कमी पाणी पुरते. नळीतले सगळे पाणी एक फेरी पुरी करायला सुमारे ८० सेकंद घेते. गरम टोकाचा दाब किंचित जास्त असल्याने वाफ आपोआप थंड टोकाकडे वाहते, तिथे तिचे पाणी होते आणि उष्मा भिंतीला मिळतो. आता हे पाणी परत आणायचे आहे, आणि तिथे ना पंप आहे ना झडप. ते काम भुकटीचा थर करतो. समईत वात तेल ज्या बळावर वर ओढते त्याच केशाकर्षणाच्या बळावर हा थर पाणी ओढतो, आणि त्याला नावही ‘वात’ असेच आहे. गरम टोकाशी पाणी उडत राहते, त्यामुळे छिद्रांच्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग आत खोल वळतो. थंड टोकाशी छिद्रे भरलेली असल्याने तो जवळपास सपाट असतो. या दोन वळणांतल्या फरकातून पृष्ठीय ताण पाण्याला मागे खेचणारा दाब निर्माण करतो.

आता खरा प्रश्न. वाटेत तापमान कुठे किती घटते? मोकळ्या वाटेतून वाफ सेकंदाला सुमारे आठ मीटर वेगाने जाते. एवढ्या अरुंद वाटेतही तिचा प्रवाह शांत, थराथरांचा राहतो आणि १६० मिलिमीटरमध्ये तिचा दाब अवघा २७ पास्कलने घटतो. वाफ आपल्या पाण्याशी समतोलात असल्यामुळे दाबातली घट म्हणजेच तापमानातली घट, आणि ६० अंशांवर २७ पास्कल म्हणजे ०.०३ अंश. ज्या अंतरासाठी तांब्याचा दांडा ४२४ अंश खर्च करतो ते अंतर वाफ एका अंशाच्या तेहेतिसाव्या हिश्श्यात पार करते. पण उष्णतेला वाफेपर्यंत पोचायचे तर भिंत आणि ओली वात आडवी ओलांडावी लागते, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. वातीत तांब्याचे कण एकमेकांना बिंदूंनीच टेकलेले असतात, मधल्या जागेत पाणी असते. अशा मिश्रणाची वाहकता भरीव तांब्याच्या दशांश, म्हणजे सुमारे ४०, धरता येते. तेवढ्यावर हिशेब केला तर गरम टोकाच्या वातीत १.२ अंश, थंड टोकाच्या वातीत ०.७ अंश, आणि दोन्ही भिंतींत मिळून ०.०७ अंश जातात. वाफेचा ०.०३ धरून एकूण घट दोन अंशांची. म्हणजे रोध दर वॅटला ०.०६७ अंश.

१४.१ ला ०.०६७ ने भागले की २११ येतात. हेच ते ‘तांब्याच्या दोनशे पट’. वाहकतेच्या भाषेत मांडायचे तर नळीची समतुल्य वाहकता सुमारे ८४,५०० वॅट प्रति मीटर-केल्विन. माहितीपत्रकांतले दहा हजार ते एक लाख या पल्ल्यातले आकडे असेच काढलेले असतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर फरक आणखी ठळक होतो. भरीव तांब्यानेच हा रोध गाठायचा ठरवला तर दांडा ८७ मिलिमीटर जाडीचा लागेल आणि २०० मिलिमीटर लांबीला त्याचे वजन दहा किलोंच्या वर जाईल. आमच्या नळीचे वजन, पाण्यासकट, सुमारे २० ग्रॅम आहे. याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते.

वर सांगितलेल्या दोन अंशांपैकी जवळजवळ सगळे अंश दोन टोकांना, भिंत आणि वात आडवी ओलांडताना गेले आहेत. मधल्या लांबीचा वाटा नगण्य आहे. मग हीच नळी दुप्पट, म्हणजे ४०० मिलिमीटर केली आणि टोके तेवढीच ठेवली तर? दांड्याचा रोध दर वॅटला ३२ अंशांच्या आसपास जाईल, नळीचा ०.०६७ वरून ०.०६८ होईल. आता गुणोत्तर येते ४६५ पट. उलट नळी ८० मिलिमीटरची करून दोन्ही टोके एकमेकांना भिडवली तर दांड्याचा रोध ३.५, नळीचा ०.०६६, आणि गुणोत्तर ५३ पट. तेच तांबे, तेच पाणी, तीच वात, आणि ‘वाहकता’ एकदा ५३ पट, एकदा २११, एकदा ४६५. वाहकता हा पदार्थाचा गुणधर्म आहे. तांब्याचा तुकडा कापून लहान केला म्हणून त्याची वाहकता बदलत नाही. जी संख्या लांबीबरोबर बदलते ती वाहकता असूच शकत नाही. नळीसाठी योग्य मोजमाप म्हणजे पूर्ण वस्तूची वहनक्षमता: एक अंश फरकाला किती वॅट. आमच्या नळीची ती सुमारे १५ वॅट प्रति अंश आहे, दांड्याची ०.०७. तिन्ही लांबींना नळीची वहनक्षमता जवळपास १५ च राहते, बदलतो तो दांडा. म्हणजे गुणोत्तरातली वाढ ही नळीची प्रगती नसून दांड्याची अधोगती आहे. हा भेद नळीच्या इतिहासातही दिसतो. रिचर्ड गॉगलर यांनी जनरल मोटर्समध्ये असताना शीतकपाटासाठी अशा नळीची कल्पना १९४२ मध्ये पेटंटसाठी मांडली होती, पण ती पडून राहिली. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तिचा स्वतंत्रपणे पुन्हा शोध लावला आणि १९६४ मध्ये कॉटर आणि एरिक्सन यांच्यासह जो निबंध छापला त्याचे शीर्षक ‘स्ट्रक्चर्स ऑफ व्हेरी हाय थर्मल कंडक्टन्स’ असे होते. अतिशय उच्च वहनक्षमतेच्या रचना. पदार्थ नव्हे, रचना. वाहकता नव्हे, वहनक्षमता. पहिल्याच निबंधात असलेली ही अचूकता नंतरच्या जाहिरातींत हरवली.

यावर आक्षेप येईल की हा शब्दांचा काटेकोरपणा झाला. अभियंत्याला संगणकावर नमुना करायचा असतो, त्यात प्रत्येक वस्तूला एक वाहकता द्यावी लागते. मग ८४,५०० दिली तर बिघडते काय? मी मान्य करतो की अंशांच्या भाषेत पुष्कळदा थोडेच बिघडते. २०० मिलिमीटरच्या नळीवरून काढलेली वाहकता ८० मिलिमीटरच्या नळीला लावली तर तिचा रोध प्रत्यक्षापेक्षा चौपट कमी दिसेल, पण ३० वॅटला ही चूक दीड अंशाची. एवढी चूक पुष्कळ ठिकाणी खपून जाते. जी खपत नाही ती दुसरी चूक आहे. वाहकता असलेला दांडा कितीही वॅट वाहतो. दुप्पट वॅट हवे असतील तर दुप्पट अंश द्या, तो कधी नकार देत नाही. नळी एका मर्यादेपर्यंतच वाहते, आणि ती मर्यादा वाहकतेच्या आकड्यात कुठेही दिसत नाही.

मर्यादा पाण्याच्या परतीच्या वाटेत आहे. आमच्या वातीची छिद्रे सुमारे ४० मायक्रोमीटर त्रिज्येची धरा. ६० अंशांवर पाण्याचा पृष्ठीय ताण लक्षात घेता अशी वात जास्तीत जास्त ३,३०० पास्कलचा ओढा देऊ शकते. आता खर्च पाहू. ३० वॅटसाठी लागणारे पाणी त्या बारीक छिद्रांतून १६० मिलिमीटर झिरपत येताना घर्षणात सुमारे २,३३० पास्कल गमावते. येथे मी वातीची झिरपक्षमता भुकटीच्या वातींना साजेशी, ४ × १०⁻¹¹ चौरस मीटर, धरली आहे. वाफेचे २७ पास्कल त्यात मिळवले तरी ओढा पुरतो. वॅट वाढवत नेले की खर्च त्याच प्रमाणात वाढतो, आणि ४२ वॅटच्या आसपास ओढा आणि खर्च बरोबरीला येतात. त्यापुढे गरम टोकाला जितके पाणी उडते तितके परत येत नाही. तिथली वात कोरडी पडते, आणि तापमान जे आतापर्यंत वॅटमागे सरळ रेषेत, हळूहळू वाढत होते ते एकाएकी उसळते. आता ४०० मिलिमीटरच्या नळीकडे परत चला, जी तांब्याच्या ४६५ पट ठरली होती. तिची वाट सव्वादोन पट लांब असल्याने खर्चही तितका वाढतो आणि तिची मर्यादा १९ वॅटच्याही खाली येते. आमचे ३० वॅट ती वाहूच शकत नाही. वाहकतेच्या आकड्यावरून निवड करणारा माणूस सर्वांत मोठा आकडा असलेली नळी उचलेल आणि त्याच नळीचे गरम टोक कोरडे पडेल. मर्यादा घटत असताना वाढणारा आकडा निवडीसाठी वापरू नये, हे माझ्या म्हणण्याचे सार आहे.

मर्यादा फक्त लांबीने बदलत नाही. वरच्या हिशेबात नळी आडवी होती. ती उभी करा आणि गरम टोक वर ठेवा; आता पाण्याला २०० मिलिमीटर चढायचे आहे आणि त्यासाठी १,९३० पास्कल आधीच द्यावे लागतात. उरलेल्या १,३८० पास्कलमध्ये जेमतेम १७ वॅट बसतात. गरम टोक खाली ठेवले तर गुरुत्वाकर्षण वातीच्या मदतीला येते आणि याच हिशेबाने मर्यादा ६६ वॅटपर्यंत चढते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मर्यादेच्या आत असताना तिन्ही स्थितींत वहनक्षमता जवळपास तीच, १५ वॅट प्रति अंश. म्हणजे नळीला दोन वेगवेगळ्या संख्या लागतात: किती सहज वाहते आणि कुठवर वाहते. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणूनच एखाद्या उपकरणात नळी टेबलावर नीट चालली आणि भिंतीवर टांगल्यावर फसली, तर पहिला संशय गरम टोक वर गेल्याचा घ्यावा.

तापमानाचाही असाच परिणाम होतो, आणि तो दोन्ही संख्यांवर होतो. नळी ६० ऐवजी १० अंशांवर चालवा. वाफेची घनता चौदा पटींनी घटते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी तिला फार वेगाने धावावे लागते: १५ वॅटलाच सेकंदाला ५० मीटरच्या वर. दाब आधीच कमी असल्याने दाबातली प्रत्येक पास्कलची घट तापमानात जास्त महाग पडते. ६० अंशांवर नगण्य असलेला वाफेचा वाटा आता १५ वॅटला १.९ अंश होतो, भिंती आणि वात मिळून जातात त्याच्या जवळपास दुप्पट. गुणोत्तर २११ वरून ७४ वर घसरते. शिवाय थंड पाण्याची श्यानता सुमारे तिप्पट असते, ते वातीतून कष्टाने झिरपते, आणि आडव्या नळीची मर्यादा ४२ वरून १७ वॅटवर येते. शून्याखाली पाणी गोठले की सगळेच थांबते.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो. वाफच सगळे काम करते, तर नळी तांब्याची कशाला, पोलादाची का चालू नये? वर पाहिले की खर्च होणाऱ्या दोन अंशांपैकी जवळजवळ सगळा हिस्सा वात आडवी ओलांडण्याचा आहे, आणि ते ओलांडणे म्हणजे साधे घन वहनच आहे. भुकटीच्या वातीऐवजी पोलादी जाळीच्या वेढ्यांची वात घाला. जाळीचे वेढे एकमेकांना नीट टेकत नसल्याने उष्णतेला बहुतेक पाण्यातूनच जावे लागते आणि वाहकता ४० वरून १.५ च्या आसपास येते. मग तेवढ्याच जाडीच्या वातीचा रोध दर वॅटला १.७ अंश होतो, ३० वॅटला ५१ अंश लागतात आणि दांड्याशी गुणोत्तर उरते आठ पट. वाफेच्या वाटेला या फरकाची दखलही नाही. तांब्याने येथे लांबीचे काम सोडून जाडीचे काम घेतले आहे, एवढेच. वात पातळ केली तर हे काम आणखी हलके होईल, पण पातळ वातीतून पाणी कमी परतेल आणि मर्यादा खाली येईल. वहनक्षमता आणि मर्यादा यांची ही ओढाताण वात ठरवताना प्रत्येक वेळी सोडवावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वसामान्य वापरकर्त्याचा आहे, आणि तो मला सर्वांत योग्य वाटतो. नळीत फक्त दोन अंश जात असतील तर लॅपटॉप इतका तापतो कसा? त्याचे उत्तर पूर्ण साखळी पाहिल्यावर मिळते. खोलीतली हवा ३० अंशांची धरा. पंख्यापुढच्या पत्र्यांपासून हवेपर्यंतचा रोध दर वॅटला एक अंश असेल तर नळीचे थंड टोक ६० अंशांवर बसते. नळी दोन अंश घेते. चिप, तिच्यावरचा लेप आणि तांब्याचा ठोकळा या सांध्यांत दर वॅटला ०.२ अंश धरले तर आणखी सहा. चिप ६८ अंशांवर. आता नळी दसपट सुधारा: चिप ६६ वर येईल, दोन अंशही मिळणार नाहीत. लेप नीट लागला नाही किंवा पत्र्यांत धूळ भरली तर त्याहून कितीतरी जास्त अंश जातात. तांब्याच्या दांड्याच्या जागी कोणतीही बरी नळी आली की साखळीतला तो दुवा दुर्बळ राहत नाही, आणि ‘दोनशे पट’ की ‘पाचशे पट’ हा वाद चिपच्या दृष्टीने निरर्थक होतो.

मात्र नळी बिघडते तेव्हा ती साखळीलाच बिघडवते. सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे आत न गोठणारा, न संघनित होणारा वायू साचणे. नळी बंद करताना थोडी हवा उरली, किंवा पात्राच्या धातूने पाण्याशी रासायनिक क्रिया करून हायड्रोजन सोडला, की हा वायू वाफेबरोबर थंड टोकाला ढकलला जातो आणि शेवटी जाऊन बसतो. वाफ तिथे पोचू शकत नाही. ॲल्युमिनियम आणि पाणी यांची जोडी याच हायड्रोजनमुळे वर्ज्य आहे, म्हणून उपग्रहांतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांत पाण्याऐवजी अमोनिया भरतात. समजा, आमच्या थंड टोकाच्या ५० मिलिमीटरपैकी १० मिलिमीटर वायूने अडवले. नळीचा स्वतःचा रोध ०.००६ ने वाढेल, काही विशेष नाही. पण त्या १० मिलिमीटरवर बसलेले पत्रे थंड राहिले, म्हणजे पाचवा हिस्सा पत्रे कामातून गेले, आणि हवेकडचा रोध १ वरून १.२५ झाला. चिप साडेसात अंशांहून थोडी जास्त तापेल. ओळखायचा उपाय सोपा आहे: नळी चालू असताना तिच्या लांबीवर चार-पाच ठिकाणी तापमान मोजा. मधला भाग सारखा आणि शेवटचा तुकडा एकदम थंड असेल तर वायू आहे. तोच तुकडा नळी जास्त तापल्यावर आखूड झाला तर खात्रीच पटते, कारण वाफेचा दाब वाढला की वायू दबतो. याउलट थंड टोक ठीक, मधला भाग सारखा आणि फक्त गरम टोकच वॅट वाढवताच उसळत असेल तर वात कोरडी पडते आहे. पहिल्या बिघाडाला नळी बदलावी लागते. दुसऱ्यात नळी निर्दोष असू शकते, तिच्यावर भार जास्त टाकलेला असतो किंवा ती उलटी बसवलेली असते.

पाणी गळून गेलेल्या किंवा गोठलेल्या नळीचे काय होते, हेही दांड्याशीच ताडून पाहावे. वाफ नाही, तेव्हा उष्णतेला उरलेली वाट म्हणजे ०.३ मिलिमीटरची भिंत आणि सच्छिद्र वात. ओली वात धरून हिशेब केला तरी त्यांचा रोध दर वॅटला सुमारे ६२ अंश येतो. जी नळी दांड्यापेक्षा दोनशे पट चांगली होती ती आता त्याच जाडीच्या दांड्यापेक्षा चार पट वाईट आहे. म्हणून जिथे उपकरण बंद पडून चालत नाही तिथे एकाच नळीवर भार टाकू नये. आडव्या मांडणीत दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर प्रत्येकीवर १५ वॅट येतात. एक गेली तर दुसरी पूर्ण ३० वॅट उचलते, ४२ च्या आत राहते, आणि नळ्यांमधली घट एका अंशावरून दोन अंशांवर जाते. चिपला ते जाणवणारही नाही. पण तीच जोडी गरम टोक वर ठेवून उभी केली तर एक नळी जाताच दुसरीवर येणारे ३० वॅट तिच्या १७ वॅटच्या मर्यादेपलीकडे असतात, आणि तीही कोरडी पडते. तिथे तीन नळ्या हव्यात, म्हणजे एक गेल्यावर उरलेल्या दोघींवर पंधरा-पंधरा वॅट येतील.